भागायचे कोणत्या संख्येने?

दोन चलांतील दोन रेषीय समीकरणे सोडवताना शाळेत एका चलाचा लोप करायला शिकवतात. पहिल्या समीकरणाला योग्य संख्येने गुणायचे, ते दुसऱ्यातून वजा करायचे, की x नाहीसा होतो. उरलेल्या समीकरणातून y मिळतो आणि y ची किंमत पहिल्या समीकरणात घातली की x मिळतो. समीकरणे तीन असोत की तीन हजार, गाउसची लोप पद्धत म्हणजे हीच क्रिया शिस्तीने पुन्हा पुन्हा करणे. पहिल्या समीकरणाच्या आधारे खालच्या सर्व समीकरणांतून पहिले चल काढायचे, मग दुसऱ्याच्या आधारे त्याखालच्या सर्वांतून दुसरे. असे करत गेले की अगदी तळाच्या समीकरणात एकच चल उरते. ते सोडवायचे आणि तिथून एकेक पायरी वर चढत बाकीची चले काढायची.

पद्धतीला गाउसचे नाव असले तरी ती त्याच्या पुष्कळ आधीची आहे. ‘नऊ प्रकरणे’ या प्राचीन चिनी गणितग्रंथात सहगुणक काड्यांनी पाटावर स्तंभांत मांडून नेमका हाच लोप केलेला आढळतो. गाउसने १८१० च्या सुमारास पॅलस या लघुग्रहाची कक्षा ठरवताना निरीक्षणांतून आलेली समीकरणे सोडवण्यासाठी ही रीत नीट, आटोपशीर स्वरूपात मांडली.

लोप करताना प्रत्येक पायरीवर एका सहगुणकाने भागावे लागते. पहिल्या समीकरणाला कितीने गुणायचे, हे दुसऱ्यातील x च्या सहगुणकाला पहिल्यातील x च्या सहगुणकाने भागून ठरते. ज्याने भागायचे तो सहगुणक म्हणजे पिव्हट. कागदावर अपूर्णांक जसेच्या तसे ठेवून काम केले तर पिव्हट कोणता घेतला याने काहीच बिघडत नाही. तो शून्य नसला म्हणजे पुरे. समीकरणांचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येते. मात्र संख्या ठरावीक अंकांतच लिहायच्या असतील आणि प्रत्येक बेरीज-गुणाकारानंतर उरलेले अंक सोडून द्यायचे असतील, तर पिव्हटची निवड उत्तर पार बिघडवू शकते. गणकयंत्र नेहमी असेच काम करते. त्याचे अंक जास्त असतात, एवढाच फरक.

बिघाड डोळ्यांनी पाहायचा तर अंक कमी करावे लागतात. समजा, एका हिशेबनिसाला प्रत्येक संख्या तीन सार्थ अंकांतच लिहायची मुभा आहे. १५२३.९ आले तर त्याने १५२० लिहायचे, ०.००२०४०८ आले तर ०.००२०४. सुरुवातीची शून्ये मोजायची नाहीत, पण प्रत्येक क्रियेनंतर पूर्णांकन करायचे. त्याच्यापुढे ही दोन समीकरणे आहेत:

०.००३x + ३.११y = ३.१४
१.४७x − २.४०y = १२.३

बरोबर उत्तर x = १०, y = १ आहे. पहिल्यात ०.०३ आणि ३.११ मिळून ३.१४ होतात, दुसऱ्यात १४.७ मधून २.४० गेले की १२.३ उरतात. दोन्ही समीकरणांतल्या सगळ्या संख्या तीन अंकांत बसणाऱ्या आहेत, त्यामुळे माहिती लिहून घेतानाच चूक झाली, असे म्हणायला जागा नाही.

हिशेबनीस समीकरणे आली त्या क्रमाने घेतो. पिव्हट ०.००३. गुणक १.४७ ÷ ०.००३ म्हणजे नेमका ४९०. आता पहिले समीकरण ४९० ने गुणून दुसऱ्यातून वजा करायचे. y च्या सहगुणकासाठी ४९० × ३.११ = १५२३.९, तीन अंकांत १५२०. मग −२.४० − १५२० = −१५२२.४, म्हणजे पुन्हा −१५२०. उजव्या बाजूला ४९० × ३.१४ = १५३८.६, तीन अंकांत १५४०, १२.३ − १५४० = −१५२७.७, म्हणजे −१५३०. दुसरे समीकरण आता असे झाले:

−१५२०y = −१५३०

भागाकार १.००६६ च्या आसपास येतो, तो तीन अंकांत १.०१. खरी किंमत १. शंभरात एक इतकीच चूक. तीन अंकांच्या हिशेबात एवढे चालायचेच. आता ही किंमत पहिल्या समीकरणात घालायची. ३.११ × १.०१ = ३.१४११, तीन अंकांत ३.१४. मग ३.१४ − ३.१४ = ०, आणि ० ÷ ०.००३ = ०.

x दहा यायला हवा होता, तो शून्य आला. एकही अंक बरोबर नाही. आणि हिशेबनिसाने वाटेत कुठेही नियम मोडलेला नाही. प्रत्येक क्रिया त्याने तीन अंकांत जितकी अचूक करता येते तितकी अचूक केली.

नुकसान दोन ठिकाणी झाले, आणि ती दोन्ही वेगवेगळी पाहण्यासारखी आहेत.

पहिले ठिकाण म्हणजे −२.४० − १५२० ही वजाबाकी. उत्तर −१५२० आले, म्हणजे −२.४० चा मागमूस राहिला नाही. ट्रकच्या वजनकाट्यावर भरलेल्या ट्रकमध्ये भाजीची पिशवी टाकली तर काटा हलत नाही, तसे हे आहे. त्या जागी −२.४० ऐवजी −५ आणि ५ यांमधली कोणतीही संख्या असती तरी बेरीज −१५२५ ते −१५१५ या दरम्यानच राहिली असती आणि तीन अंकांत −१५२० च लिहिली गेली असती. उजवीकडेही तेच. १२.३ च्या जागी ५ ते १५ मधली कोणतीही संख्या चालली असती. म्हणजे हिशेबनिसापुढे 1.47x − 2.40y = 12.3 हे समीकरण ठेवले काय आणि 1.47x + 4y = 6 हे ठेवले काय, त्याचे उत्तर तेच आले असते. दुसऱ्या समीकरणातली जवळजवळ सगळी माहिती, म्हणजे y चा सहगुणक आणि उजवी बाजू, एका पायरीत पुसली गेली.

याच गोष्टीकडे आणखी एका बाजूने पाहता येते. हिशेबनिसाने जे केले ते उलट फिरवले, तर त्याने प्रत्यक्षात कोणते समीकरण सोडवले हे कळते. वरचे समीकरण ४९० ने अचूक गुणून त्यात −१५२०y = −१५३० मिळवले तर y चा सहगुणक १५२३.९ − १५२० = ३.९ होतो आणि उजवी बाजू १५३८.६ − १५३० = ८.६. म्हणजे दुसऱ्या समीकरणाच्या जागी त्याने हे समीकरण सोडवायला घेतले होते:

१.४७x + ३.९y = ८.६

मूळ समीकरण १.४७x − २.४०y = १२.३ होते. इथे y च्या सहगुणकाचे चिन्हसुद्धा उलटले आहे.

दुसरे ठिकाण शेवटचे. y मधली चूक ०.०१ इतकी लहान होती, पण x काढताना ती आधी ३.११ ने गुणली गेली आणि मग ०.००३ ने भागली गेली. म्हणजे ती हजाराहून अधिक पटींनी वाढली. ०.०१ ची चूक x पर्यंत पोहोचेपर्यंत दहाच्या घरात गेली. बारीक संख्येने भागणे म्हणजे चुकीला मोठ्या संख्येने गुणणे. या गणितात ही गोष्ट दोनदा घडली: एकदा खाली उतरताना ४९० या गुणकाच्या रूपात, एकदा वर चढताना.

उपाय अगदी साधा आहे. समीकरणांचा क्रम बदलायचा:

१.४७x − २.४०y = १२.३
०.००३x + ३.११y = ३.१४

पिव्हट आता १.४७. गुणक ०.००३ ÷ १.४७ = ०.००२०४०८…, तीन अंकांत ०.००२०४. इथे गुणक अचूक नाही. मघाचा ४९० हा गुणक मात्र अगदी अचूक होता. तरीही मघाचे उत्तर फसले, म्हणजे दोष गुणकाच्या अचूकपणात नव्हता, आकारात होता. y च्या सहगुणकासाठी ०.००२०४ × २.४० = ०.००४९०, ३.११ मध्ये मिळवले तर ३.११४९, तीन अंकांत ३.११. उजव्या बाजूला ०.००२०४ × १२.३ = ०.०२५१, ३.१४ मधून वजा केले तर ३.११४९, म्हणजे ३.११. आता ३.११y = ३.११, y = १.००. वर जाऊन x = (१२.३ + २.४०) ÷ १.४७ = १४.७ ÷ १.४७ = १०.०.

उत्तर बरोबर आले. तेच तीन अंक, तेच पूर्णांकन, तेवढ्याच क्रिया. इथेही शेवटचे अंक सोडले गेले, पण सोडले काय? ३.११४९ मधले ०.००४९. तेवढे ज्या संख्येतून गेले तिच्या मानाने ते नगण्य आहेत. उलट फिरवून पाहिले तर हिशेबनिसाने या वेळी ०.००३x + ३.११y = ३.१४ च्या जागी जवळपास ०.००३x + ३.१०५y = ३.१३५ हे समीकरण सोडवले आहे. मूळ समीकरण त्यात सहज ओळखू येते. मघाशी छोट्या संख्येत मोठी संख्या मिसळली होती, म्हणून छोटी बुडाली. आता मोठ्या संख्येत छोटी मिसळली. तीही बुडाली, पण तिच्या बुडण्याने फारसे अडत नाही, कारण मूळ समीकरणातली मोठी संख्या शाबूत राहिली.

यातून नियम निघतो. प्रत्येक पायरीवर ज्या चलाचा लोप करायचा त्याच्या स्तंभात, चालू ओळीपासून खाली, सर्वांत मोठा सहगुणक शोधायचा. चिन्ह पाहायचे नाही, फक्त आकार. तो ज्या समीकरणात असेल ते वर आणायचे आणि मगच भागायचे. याला आंशिक पिव्हटिंग म्हणतात. भागणारी संख्या स्तंभातली सर्वांत मोठी असल्यामुळे कोणताही गुणक एकाहून मोठा होऊ शकत नाही. ४९० सारखा गुणक मग येणारच नाही. खर्चही किरकोळ. शंभर चलांच्या शंभर समीकरणांना लोपासाठी सव्वातीन लाखांहून अधिक गुणाकार लागतात, आणि पिव्हट शोधण्यासाठी सुमारे पाच हजार तुलना.

वरच्या उदाहरणात ०.००३ डोळ्यांत भरण्यासारखे होते. कोणीही शहाणा हिशेबनीस तिथे थांबून समीकरणे उलटी करेल. खरी अडचण ही, की घातक पिव्हट पुष्कळदा मूळ समीकरणांत दिसतच नाही. तो वाटेत तयार होतो. ही तीन समीकरणे पाहा:

४x + २y + ४z = ८
x + ०.५०३y + ४.११z = ५.१४
२x + २.४७y − ०.४००z = १६.३

बरोबर उत्तर x = −४, y = १०, z = १. सहगुणकांत संशय यावा असे काही नाही. सर्वांत लहान ०.४००, आणि तो पिव्हटच्या जागी नाही. पहिल्या स्तंभात ४, १ आणि २ आहेत. सर्वांत मोठा ४ आधीच वर आहे, म्हणून अदलाबदल नको. गुणक ०.२५ आणि ०.५, दोन्ही अचूक. या पायरीवर एकही अंक सोडावा लागत नाही. दुसऱ्या समीकरणात y चा सहगुणक ०.५०३ − ०.५०० = ०.००३ होतो, z चा ४.११ − १ = ३.११, उजवी बाजू ५.१४ − २ = ३.१४. तिसऱ्यात २.४७ − १ = १.४७, −०.४०० − २ = −२.४० आणि १६.३ − ४ = १२.३. उरले काय, तर

०.००३y + ३.११z = ३.१४
१.४७y − २.४०z = १२.३

म्हणजे मघाचेच गणित, फक्त x आणि y च्या जागी y आणि z. ०.५०३ आणि ०.५०० या जवळजवळ सारख्या संख्यांच्या वजाबाकीतून ०.००३ जन्माला आले. हजार समीकरणांच्या गणितात असे कुठे होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच एकदा समीकरणे नीट रचून ठेवणे पुरत नाही. सर्वांत मोठ्या सहगुणकाचा शोध प्रत्येक पायरीवर नव्याने घ्यावा लागतो.

हिशेबनीस इथे बेसावध राहिला तर z = १.०१ आणि y = ० येतात, हे आधी पाहिलेच. मग x = (८ − ४.०४) ÷ ४ = ३.९६ ÷ ४ = ०.९९०. एकूण उत्तर: x = ०.९९, y = ०, z = १.०१. खऱ्या उत्तराशी, म्हणजे −४, १० आणि १ यांच्याशी, त्याचे z पुरतेच नाते आहे. तरी हे उत्तर दिसायला किती सोज्वळ आहे! कुठे प्रचंड संख्या नाही, कुठे शून्याने भागल्याची तक्रार नाही. ज्याला खरे उत्तर माहीत नाही त्याला शंका कशावरून यावी?

शंका येण्याची वाट एकच: उत्तर मूळ समीकरणांत घालून पाहायचे. पहिल्यात ३.९६ + ० + ४.०४ = ८, अगदी बरोबर. दुसऱ्यात ०.९९ + ४.१५११ = ५.१४११, हवे होते ५.१४, तेही ठीक. तिसऱ्यात १.९८ − ०.४०४ = १.५७६, आणि हवे होते १६.३. चोरी सापडली. डाव्या आणि उजव्या बाजूंतल्या या फरकाला शेष म्हणतात. इथे तिसऱ्या समीकरणाचा शेष १४.७ च्या वर आहे, म्हणजे उजव्या बाजूच्या तोडीचा. पहिले दोन शेष नगण्य असणे अपेक्षितच होते, कारण वर चढताना उत्तर त्या दोन समीकरणांतूनच काढले आहे. पुसले गेले होते ते तिसरे, म्हणून तपासणी तिसऱ्यावर अडते. केवळ पहिल्या समीकरणावर ताळा करून समाधान मानणारा हमखास फसतो. क्रम बदलून, म्हणजे १.४७ हा पिव्हट घेऊन, काम केले तर z = १, y = १० आणि x = (८ − २० − ४) ÷ ४ = −४ मिळतात आणि तिन्ही शेष शून्य येतात.

तीन अंकांचा हिशेब हा केवळ खेळ आहे, असे समजण्याचे कारण नाही. आजच्या अनेक चिपांत वापरला जाणारा सोळा बिटांचा दशांश-प्रकार सुमारे तीनच सार्थ अंक धरतो. नेहमीच्या संगणकी हिशेबात सोळाच्या आसपास अंक असतात, पण तिथेही हीच गोष्ट घडते; फक्त पिव्हट त्या मानाने लहान असावा लागतो. पायथॉनमध्ये

```
a = 1e-20
m = 1 / a
y = (2 - m) / (1 - m)
x = (1 - y) / a
print(x, y)
```

या ओळी ax + y = १ आणि x + y = २ ही समीकरणे क्रम न बदलता सोडवतात. x आणि y दोन्ही १ च्या अगदी जवळ यायला हवेत; संगणक मात्र x = ०, y = १ छापतो. 2 - m आणि 1 - m या दोन वेगळ्या संख्या सोळा अंकांत एकच होऊन बसतात आणि दुसरे समीकरण मघासारखेच पुसले जाते.

गेल्या शतकाच्या चाळिशीत या सगळ्याची धास्ती आजच्यापेक्षा कितीतरी मोठी होती. संख्याशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग याने १९४३ मध्ये असा अंदाज मांडला की लोप पद्धतीत चूक प्रत्येक चलामागे चौपट होत जाऊ शकते. तसे खरेच घडत असते तर शंभर चलांचे गणित हातात घेण्यातच अर्थ उरला नसता. लंडनजवळच्या टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत लवकरच अठरा समीकरणांचे एक गणित आले. जेम्स विल्किन्सन, लेस्ली फॉक्स, गुडविन आणि ॲलन ट्युरिंग यांनी ते टेबलावरच्या यंत्रांवर दहा दशांशांपर्यंत, पिव्हट निवडून निवडून सोडवले. हे फसणार, अशी ट्युरिंगची खात्री होती. प्रत्यक्षात उत्तर मूळ समीकरणांत घालून पाहिले तेव्हा शेष दहाव्या दशांशाच्या आसपास निघाले. ट्युरिंगने १९४८ मध्ये अशा गणितांतील पूर्णांकनाच्या चुकांवर निबंध लिहिला, आणि विल्किन्सनने १९६१ मध्ये या चुकांचे सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केले. उत्तर किती चुकले, असे तो आधी विचारत नसे. आपण नकळत कोणती समीकरणे सोडवली आणि ती दिलेल्या समीकरणांपासून किती दूर आहेत, हे तो आधी पाही. वर १.४७x + ३.९y = ८.६ हे समीकरण शोधून काढले, ती विल्किन्सनच्याच वळणाची तपासणी.

पिव्हट निवडण्याच्या नियमात एक पळवाट मात्र आहे. समजा, कोणी पहिले समीकरण लिहिताना मीटरऐवजी मिलिमीटर घेतले आणि ते सगळेच हजाराने गुणले गेले:

३x + ३११०y = ३१४०
१.४७x − २.४०y = १२.३

समीकरणाचा अर्थ तोच, उत्तर तेच. पण आता पहिल्या स्तंभात ३ हा १.४७ पेक्षा मोठा आहे, म्हणून नियम सांगतो की अदलाबदल नको. गुणक ०.४९०, एकाहून लहान, नियमाला धरून. तरी ०.४९० × ३११० = १५२३.९ आणि ०.४९० × ३१४० = १५३८.६. आकडे अंकागणिक मघाचेच. पुढे y = १.०१ आणि x = ० हेही ठरलेले. नियम अक्षरशः पाळला आणि तरीही फसवणूक झाली.

म्हणून सहगुणकाचा आकार एकटा पाहून भागत नाही, त्याच्या ओळीच्या मानाने पाहावा लागतो. पहिल्या ओळीतला सर्वांत मोठा सहगुणक ३११०. ३ ला त्याने भागले तर सुमारे ०.००१. दुसऱ्या ओळीतला सर्वांत मोठा २.४०, १.४७ ला त्याने भागले तर सुमारे ०.६१. ज्या ओळीचे हे गुणोत्तर मोठे ती वर घ्यायची. इथे दुसरी ओळ वर येते आणि उत्तर पुन्हा बरोबर निघते. दुसरा मार्ग म्हणजे समीकरणे आधीच एका मापात आणून ठेवणे. एककांची सरमिसळ असलेल्या अभियांत्रिकी गणितांत हे न करणे महागात पडते.

गुणक एकाहून लहान ठेवले म्हणजे संख्या वाढूच शकत नाहीत, असेही नाही. विल्किन्सनने एक खास कोष्टक दाखवले: कर्णावर सगळे १, कर्णाखाली सगळे −१, शेवटच्या स्तंभात सगळे १. प्रत्येक पायरीवर गुणकाचा आकार बरोबर १ राहतो, पण शेवटच्या स्तंभातली संख्या दुप्पट होत जाते: १, २, ४, ८. साठ समीकरणांत ती दोनाच्या ५९ व्या घातापर्यंत पोहोचते, आणि ती संख्या सोळा अंकांत मावत नाही. यावर पूर्ण पिव्हटिंग हा उतारा आहे. त्यात केवळ एक स्तंभ न पाहता उरलेल्या सगळ्या कोष्टकातली सर्वांत मोठी संख्या शोधतात; त्यासाठी लागणाऱ्या तुलनांची संख्या मात्र गुणाकारांच्या बरोबरीने जाते. व्यवहारात असे कोष्टक इतके क्वचित भेटते की LAPACK सारखी जगभर वापरली जाणारी आज्ञावली आंशिक पिव्हटिंगवरच काम चालवते.

आणखी एक गोष्ट पिव्हटिंगच्या आवाक्याबाहेरची आहे. x + y = २ आणि x + १.०१y = २.०१ यांचे उत्तर x = १, y = १. उजवीकडच्या २.०१ चे २.०२ केले तर उत्तर एकदम x = ०, y = २ होते. या दोन रेषा जवळजवळ समांतर आहेत, त्यामुळे त्यांचा छेदनबिंदू जरा धक्का लागला की लांब सरकतो. इथे पिव्हट १ आहे, गुणक १ आहे, पद्धतीत काही खोट नाही; समीकरणेच नाजूक आहेत. x = ०, y = २ हे उत्तर मूळ समीकरणांत घातले तर शेष जेमतेम ०.०१ येतो. तेव्हा मोठा शेष पद्धत फसल्याचे नक्की सांगतो, पण लहान शेष उत्तर बरोबर असल्याचे सांगत नाही. याउलट ०.००३ च्या उदाहरणात दोन रेषा सुमारे तीस अंशांच्या कोनात स्वच्छ छेदतात. ते गणित सोपे होते. ते क्रमामुळे अवघड झाले.